परवाना आधी बंद, सुनावणी मागाहून: अशी सुनावणी कायद्यात चालते का?

रानवाटा (११ जून)

मावसभावाचा पेढे-श्रीखंडाचा छोटा कारखाना आहे, तालुक्याच्या गावी. नऊ माणसं कामाला. जिल्ह्याचं नाव मुद्दाम देत नाही.

४ मे रोजी एका लग्नात त्याचं श्रीखंड गेलं होतं. रात्री पंचवीस-तीस वऱ्हाड्यांना उलट्या-जुलाब झाले. पंगतीत पनीरची भाजी होती, मठ्ठा होता, बाहेरून आणलेला बर्फ होता, पण नाव आलं श्रीखंडाचं. ६ मेला अन्न सुरक्षा अधिकारी येऊन पाहणी करून गेले आणि नमुने घेतले. लग्नातलं श्रीखंड तोवर संपलं होतं, त्यामुळे नमुना नंतरच्या लॉटचा. २० मेला प्रयोगशाळेचा अहवाल त्यांच्या कार्यालयात पोचला, ही तारीख आदेशातच लिहिली आहे. मग सगळं शांत. कारखाना चालू, माल जातोय.

आणि ९ जूनला एक माणूस हातात कागद देऊन गेला. परवाना तात्काळ निलंबित, सात दिवसांत लेखी खुलासा द्या, १७ जूनला सुनावणीला या. आधी नोटीस नाही की साधा फोन नाही.

एक वकील म्हणतात सुनावणीला जा. दुसरे म्हणतात, गेलास तर आदेश मान्य केल्यासारखं होईल. आधी फाशी आणि मग खटला, असली सुनावणी कायद्यात बसते का?

ठाम_मत

सरळ प्रश्न आहे, सरळ उत्तर. नोटीस नाही म्हणजे आदेश रद्दबातल. मनेका गांधी खटला, १९७८. नैसर्गिक न्याय, म्हणजे आधी ऐकून मग निर्णय घ्यायचा नियम, डावलून काढलेला आदेश जन्मतःच मेलेला असतो, त्याला मागाहून सुनावणीचं सलाईन लावून काही होत नाही. भावाला सांगा, १७ तारखेला जाऊ नको आणि कारखाना सुरू ठेव.

निवृत्त_बाबू

ठाम_मत साहेब, "कारखाना सुरू ठेव" हा सल्ला देऊ नका. निलंबित परवान्यावर उत्पादन केलं तर तो वेगळा गुन्हा होईल, आणि आदेश खरोखर चुकीचा असला तरी त्या पोराची बाजू कमकुवत होईल. आदेश चुकीचा आहे हे कोर्टाने किंवा अपिलात सांगेपर्यंत तो आदेशच असतो.

मी एका वेगळ्या खात्यात होतो, पण असे तात्काळ आदेश मीही काढलेत. आमची बाजू ऐका. आठ दिवसांची नोटीस दिली की पहिल्याच रात्री गोदाम रिकामं होतं. लोक आजारी पडत असताना "आपले म्हणणे सादर करावे" म्हणत बसायचं का? म्हणून कायद्यानेच आधी बंद करायची मुभा दिली आहे.

मुलुंडची_मनू

आमच्या सोसायटीच्या मागे दिराचं गॅरेज होतं, त्याचं शेड असंच तोडलं. नंतर बोलावलं सुनावणीला! तेव्हा म्हणाले कागद दाखवा. शेडच नाही तर कागद कशाचे दाखवायचे? या धाग्यावर कुणी वकील असतील तर नुकसानभरपाई कशी मागायची ते सांगा.

काळा_कोट

मनूताई, तुमचा विषय वेगळा आहे, पण त्यावर येते. आधी रानवाटा, दोन गोष्टी सांगा. आदेशात कारण नेमकं काय दिलंय, शब्द जसेच्या तसे. आणि अहवालात नमुना "असुरक्षित" म्हटलाय, म्हणजे खाल्ल्याने अपाय होईल असा, की फक्त ठरलेल्या मापात न बसणारा, "कमी दर्जाचा"?

रानवाटा

ताई, कारण एवढंच: "पाहणीतील त्रुटी व प्रयोगशाळा अहवाल विचारात घेता सार्वजनिक आरोग्याच्या हितास्तव". त्रुटींची यादी ६ मेच्या पाहणी पत्रकात आहे: पाणी तपासणीचा अहवाल मुदत संपलेला, एका खिडकीची जाळी फाटलेली, कीटकनाशक फवारणीची नोंदवही अपुरी. अहवालाची प्रत दिलेलीच नाही. भावाने तिथल्या माणसाला तोंडी विचारलं तर तो म्हणाला, श्रीखंडात स्निग्धांश कमी आलाय, नमुना कमी दर्जाचा.

काळा_कोट

मग आता सविस्तर लिहिते.

बाबूकाका म्हणतात ती मुभा खरी आहे. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३२ चा नेहमीचा रस्ता पायरीपायरीने जातो. आधी सुधारणा नोटीस, तिच्यात किमान १४ दिवसांची मुदत. सुधारणा केली नाही तर निलंबन. तरीही नाही केली तर कारणे दाखवा नोटीस देऊन परवाना रद्द. या सगळ्याला एक परंतुक जोडलेलं आहे: सार्वजनिक आरोग्यासाठी, कारणं लेखी नोंदवून, परवाना तात्काळ निलंबित करता येतो. भावाचा आदेश या परंतुकाखाली आहे. म्हणजे "आधी नोटीस नाही" एवढ्यावर तो पडणार नाही.

पण तारखा बघा. हाच आदेश ६ किंवा ७ मेला निघाला असता, तर मी तुमच्या भावाला कोर्टाची पायरीसुद्धा चढू नको म्हटलं असतं. तीस माणसं आजारी, कारण माहीत नाही, संशय एका पदार्थावर. अशा वेळी चार दिवस कारखाना बंद ठेवून मग ऐकून घेणं पूर्ण योग्य. इथे मात्र घटनेनंतर पाच आठवडे गेले, आणि त्यातले शेवटचे वीस दिवस अहवाल कार्यालयात पडून होता. त्या वीस दिवसांत कारखान्याचा माल गावात विकला जात होता आणि खात्याला ते चाललं. ज्या धोक्यासाठी वीस दिवस थांबता येतं, त्यासाठी चोवीस तासांची नोटीस देता आली नसती, हे कुठल्याही न्यायाधीशाला पटवणं अवघड आहे.

स्वदेशी कॉटन मिल्सच्या खटल्यात, निकाल जानेवारी १९८१, नेमका हाच मुद्दा होता. केंद्र सरकारने १३ एप्रिल १९७८ ला कानपूरच्या त्या कंपनीच्या गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला. कायद्यात "तातडीची कारवाई" असे शब्द होते, म्हणून ऐकून घेण्याचा प्रश्नच नाही, असं सरकारचं म्हणणं. तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी ते मानलं नाही. तातडी असली तर सुनावणी छोटी होईल, नोटीस काही तासांची होईल, पण "तातडी" हा शब्द आला म्हणून ती सरसकट उडत नाही. प्रत्येक वेळी त्या घटनेत खरोखर किती वेळ हाताशी होता हे बघायचं. तिसरे न्यायमूर्ती चिनप्पा रेड्डी यांचं मत वेगळं होतं, तेही वाचण्यासारखं आहे; तातडीच्या कारवाईत आधीची सुनावणी संसदेनेच वगळली असं त्यांचं म्हणणं.

अन्न सुरक्षा कायद्यातच याचा एक छान पुरावा आहे. कलम ३४ आणीबाणीच्या मनाई आदेशाचं आहे, म्हणजे याहून गंभीर प्रसंगाचं. तिथेसुद्धा आयुक्तांनी आदेश काढण्याच्या किमान एक दिवस आधी व्यावसायिकाला नोटीस पोचलेली असावी लागते. आणीबाणीत एक दिवस मिळतो आणि फाटक्या जाळीसाठी एक तासही नाही, हा युक्तिवाद मी सगळ्यात वर ठेवेन.

ठाम_मत

म्हणजे शेवटी मी म्हणालो तेच. आदेश बेकायदा.

काळा_कोट

अर्धंच तेच. तुम्ही मनेका गांधींचं नाव घेतलंत, तर त्या खटल्यात शेवटी काय झालं ते बघा. जुलै १९७७ मध्ये पासपोर्ट जमा करा म्हणून पत्र आलं, कारणं द्यायला सरकारने नकार दिला. सुनावणी हवी होती असं सर्वोच्च न्यायालयाने ठामपणे सांगितलं. पण पासपोर्ट जप्तीचा आदेश रद्द केला नाही! अ‍ॅटर्नी जनरलनी हमी दिली की त्यांचं म्हणणं आल्यावर दोन आठवड्यांत सुनावणी घेऊ, आणि जप्ती कायम राहिलीच तर ती निर्णयापासून सहा महिन्यांपलीकडे जाणार नाही. त्या हमीवर याचिका निकाली निघाली. स्वदेशीतही तसंच, सॉलिसिटर जनरलच्या हमीवर कंपनीला मागाहून पूर्ण सुनावणी द्यायला सांगितलं.

तेव्हा "सुनावणी आधी हवी होती" हे सिद्ध करणं एक आणि "म्हणून आदेश आजच रद्द" हे मिळणं दुसरं. भावाने कोर्टात जाऊन सगळे मुद्दे जिंकले तरी हातात काय पडेल? बहुधा एवढंच की अमुक दिवसांत नीट सुनावणी घ्या. ती तर १७ तारखेला मिळतेच आहे. म्हणून जायचं.

निवृत्त_बाबू

वीस दिवसांचं मी मान्य करतो. त्याला बचाव नाही. पण एक विचारतो, मागाहूनची सुनावणी दोष धुऊन काढते असं मानणारे निकाल भरपूर आहेत ना? मला आठवतं, बँकेच्या नोकराच्या एका प्रकरणात कोर्ट म्हणालं होतं की नंतर ऐकून घेतलं, आता तक्रार कसली.

काळा_कोट

आहेत. कॅनरा बँकेचा २००५ चा निकाल तुम्हाला आठवतोय, तो बडतर्फीचा होता. उलट्या बाजूलाही तेवढेच आहेत. के. आय. शेफर्ड, १९८७: बँका विलीन होताना काही कर्मचाऱ्यांना वगळलं आणि नंतर निवेदन द्या म्हणून सांगितलं. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, एकदा निर्णय झाला की तो टिकवण्याकडेच कल असतो, नंतरच्या निवेदनाने फारसं काही हाती लागत नाही. तिथे घाई कसलीच नव्हती, आणि नोकरी गेली ती गेलीच होती.

माझ्या अनुभवात कोर्ट तीन गोष्टी बघतं. घाई खरी होती का. आदेश तात्पुरता आहे की अखेरचा. आणि मागाहूनची सुनावणी मोकळ्या मनाने झाली का, म्हणजे ज्या कागदावर बोट ठेवलं तो आधी दिला का, ऐकणाऱ्याला निर्णय फिरवता येत होता का, आणि हे सगळं लवकर झालं का. लिबर्टी ऑइल मिल्स, १९८४, आयात परवान्याचं प्रकरण. तिथे याच चिनप्पा रेड्डींनी न ऐकता काढलेला तात्पुरता आदेश चालवून घेतला, पण त्यानंतर वाजवी वेळात ऐकून घ्यायलाच हवं असंही म्हटलं. निलंबन तात्पुरतं असतं म्हणून चालतं. तेच तीन महिने लोंबकळलं तर नावापुरतं निलंबन आणि परिणामाने रद्द.

मनूताई, तुमच्याकडे परत येते. शेड तोडल्यावर तात्पुरतं काही उरत नाही. निलंबन उठवता येतं, भिंत उठवता येत नाही. १३ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हणूनच पाडकामाआधी किमान १५ दिवसांची नोटीस सांगितली आहे. रस्ता, फूटपाथ, रेल्वेमार्गालगतची किंवा नदी-तलावातली अनधिकृत बांधकामं मात्र त्यात येत नाहीत. शेड नेमकं कुठे होतं, त्यावर सगळं अवलंबून. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

मुलुंडची_मनू

फूटपाथला अगदी लागून होतं हो. म्हणजे "वर नाही, लागून". बरं, काढते धागा.

पुणेरी_मिरची

मॅगीच्या वेळी काय झालं होतं? तेव्हाही आधी बंदी आणि मग उत्तर द्या, असंच होतं ना?

काळा_कोट

बरोबर आठवण काढलीत, आणि आपल्याच मुंबई उच्च न्यायालयातलं प्रकरण आहे. ५ जून २०१५ ला केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मॅगीच्या नऊ प्रकारांवर बंदी घातली. दुसऱ्या दिवशी महाराष्ट्राने आपला आदेश काढला. केंद्राच्या आदेशात माल परत घ्या, उत्पादन थांबवा असं सांगून शिवाय १५ दिवसांत कारण दाखवा असंही होतं. रानवाटांच्या कागदाची घडण तीच आहे.

१३ ऑगस्टला न्या. कानडे आणि न्या. कुलाबावाला यांनी दोन्ही आदेश रद्द केले. त्यातला एक धागा आपल्याला उपयोगाचा आहे. कंपनीने बंदीच्या आधीच माल बाजारातून काढून घेत असल्याचं जाहीर केलं होतं. मग न ऐकता बंदी घालण्याइतकी घाई कुठली उरली? शिवाय ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर भिस्त होती त्यांच्या मान्यतेवरही कोर्टाने बोट ठेवलं. पण "जा, विका" असं सांगितलं नाही. प्रत्येक प्रकाराचे पाच नमुने तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत तपासा, शिसं मर्यादेत निघालं तरच उत्पादन, असं बजावलं. आदेश पडला तरी आरोग्याचा प्रश्न कोर्टाने वाऱ्यावर सोडला नाही. म्हणून भावाने फक्त "मला ऐकलं नाही" म्हणत जाऊ नये. पाण्याची नवी तपासणी, नवी जाळी, फवारणीची नोंद, सगळं करून पावत्यांसह जावं.

निवृत्त_बाबू

याला पूर्ण अनुमोदन. आणि माझा गोदाम रिकामं होण्याचा मुद्दा मी मागे घेत नाही, पण त्याला दुसरा उपाय होता हे खरं. संशयित माल जप्त करता येतो, तेवढा अधिकार अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला आहे. माल सील करून मालकाला दोन दिवसांनी बोलावलं असतं तर हा धागाच निघाला नसता.

रानवाटा, व्यवहाराचं सांगतो. खुलासा टपाल शाखेत देऊन आवक क्रमांकासह पोच घ्या. पहिल्याच परिच्छेदात लिहा की आदेशाची वैधता मान्य न करता, हक्क राखून हजर होत आहे. त्याने तुमच्या दुसऱ्या वकिलांची शंका मिटेल. आणि अहवालाची प्रत आत्ताच लेखी मागा, १७ ची वाट बघू नका.

रानवाटा (१८ जून)

काल सुनावणी झाली. अहवालाची मागणी १२ तारखेला केली होती, प्रत मिळाली काल, सुनावणीच्या टेबलावर. कमी दर्जाचाच आहे, स्निग्धांश कमी. जंतूंबद्दल काही नाही. भावाने दुरुस्तीचे फोटो, पाण्याचा नवा अहवाल दिला. साहेबांनी शांतपणे बघितलं, माणूस वाईट नाही. पण शेवटी म्हणाले, "माझ्याकडून हरकत नाही, पण निलंबन उठवायचं तर वरून विचारावं लागेल." सात-आठ मिनिटांत बाहेर. ताई, ही सुनावणी झाली म्हणायची का?

काळा_कोट

"वरून विचारावं लागेल" हे वाक्य कागदावर आलं का?

रानवाटा

नाही. रोजनाम्यात फक्त "परवानाधारक हजर, म्हणणे दाखल".

काळा_कोट

मग आजच पत्र द्या. काल अमुक वाजता सुनावणी झाली, अहवाल तिथेच प्रथम मिळाला, तो अभ्यासून उत्तर द्यायला मुदत हवी, आणि निलंबन उठवण्याचा निर्णय आपल्या पातळीवर होत नसल्याचं आपण सांगितलंत. सौम्य भाषेत लिहा. पत्राला कोणी उलट उत्तर दिलं नाही तर पुढे तेच कामाला येतं. ज्याच्या हातात निर्णय फिरवणं नाही त्याने ऐकलं, तर मागाहूनच्या सुनावणीने आधीचा दोष भरून निघतो असं मला वाटत नाही.

आणि तारीख विसरू नका. आदेश ९ जूनला मिळाला. आयुक्तांकडे अपिलाची मुदत १५ दिवस, म्हणजे २४ जून. सुनावणी चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. इथेच बहुतेक लोक बुडतात.

ठाम_मत

अपील केलं की खातं म्हणणार, अपिलात ऐकलं ना, मग आधीच्या दोषाचं काय उरलं? हा सापळा आहे. थेट उच्च न्यायालयात जा. नैसर्गिक न्याय डावलला असेल तर अपिलाचा मार्ग असूनही रिट चालते, हे तरी बरोबर आहे ना?

काळा_कोट

ते बरोबर आहे, आणि सापळ्याचा मुद्दाही दमदार आहे. १९८६ च्या रत्ना खटल्यात, सनदी लेखापालांच्या संस्थेविरुद्धच्या, सर्वोच्च न्यायालय म्हणालं की पहिल्या पातळीवर ऐकलं नाही तर अपिलातल्या सुनावणीने ती उणीव भरत नाही, कारण तोवर माणसाच्या नावाला बट्टा लागलेला असतो. पण तो व्यावसायिक गैरवर्तनाचा विषय होता. परवाना निलंबनात तोच नियम तसाच लागू होईल का, यावर मी पैज लावणार नाही. दोन्ही बाजूंनी बोलणारे निकाल आहेत, आणि कुठलं खंडपीठ मिळतं त्यावरही असतं. नऊ माणसांचा पगार डोक्यावर असलेल्याने आधी अपील आणि त्यातच स्थगितीचा अर्ज करावा. तिथे ऐकलं नाही तर रिट आहेच.

निवृत्त_बाबू

आणखी एक. नियमावलीप्रमाणे निलंबनानंतर फेरतपासणी करता येते, पण आदेशापासून किमान १४ दिवस जावे लागतात. म्हणजे २३ जूनपासून. त्यासाठी वेगळा अर्ज करा, अपिलात घुसडू नका. खात्याच्या दृष्टीने निलंबन उठवायचा सगळ्यात सोपा कागद म्हणजे फेरतपासणीचा चांगला अहवाल. कोणालाच आपली चूक मान्य करावी लागत नाही.

रानवाटा (२४ जून)

अपील काल दाखल, पोच घेतली. फेरतपासणीचा अर्जही दिलाय, शुक्रवारी येतो म्हणालेत. भाऊ विचारतोय, शुक्रवारी परवाना सुरू झाला तर अपील मागे घ्यायचं का? खात्याच्या लोकांशी पुढे रोजचं काम आहे, उगाच वाकडं नको म्हणतो.

निवृत्त_बाबू

घ्या मागे. मिटलं तर मिटवा.

काळा_कोट

मी घेणार नाही. निलंबन उठलं तरी "सार्वजनिक आरोग्याच्या हितास्तव निलंबित" ही नोंद तशीच राहते, आणि पुढच्या वेळी काही झालं की पहिल्यांदा तीच काढली जाते. लग्नाच्या ऑर्डरी देणारेही विचारतात. आदेश मुळात चुकीचा होता हे अपिलात ठरलं तर त्या नोंदीला उत्तर मिळतं. पण धंदा त्याचा आहे, ठरवू दे त्याला.

ठाम_मत

पहिल्यांदाच ताईंशी शंभर टक्के सहमत. लढा.

रानवाटा

भाऊ म्हणतो शुक्रवार होऊ दे, मग बघू. दही उद्यापासून टांगायला लागेल, परवाना आला तर.